मुलाखतीच्या दिवशी ग्लुकोमीटर जवळ हवा, हे कंपनीला कसं आणि किती सांगायचं?

प्रश्न: मी २५ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर, नाशिकरोडला राहतो. टाइप १ मधुमेह आहे. दंडावर सेन्सर असतो, रीडिंग मोबाइलवर येतं. अंबडच्या एका कंपनीने क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी पुढच्या आठवड्यात, १४ तारखेला बोलावलंय. सकाळी ९ ते ४, लेखी परीक्षा, टेक्निकल, मग एचआर. पत्रात लिहिलंय की मोबाइल गेटवर जमा होईल आणि परीक्षेच्या खोलीत खाण्याचं काही नेता येणार नाही. आजार सांगितला तर बाद करतील असं वाटतं. न सांगता गेलो आणि मध्येच शुगर लो झाली तर? काय सांगू, किती सांगू?

उत्तर:

मी बरीच वर्षं सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कंपन्यांसाठी भरतीचं काम करते. मुलाखतींचे असे दिवस ठरवणं, उमेदवारांना पत्रं पाठवणं, गेटवर नावं देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

सगळ्यात आधी त्या दिवशी तुमचा संबंध कोणाकोणाशी येणार ते नीट बघा. गेटवर सिक्युरिटी, परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक, टेक्निकलला प्लांटचे दोन-तीन जण, आणि शेवटी एचआर. तुमची निवड मुख्यतः टेक्निकलवाले करणार. तुमची अडचण मात्र गेटवर आणि परीक्षेच्या खोलीत आहे. ज्यांच्याकडून सोय हवी आहे त्यांच्या हातात निवड नाही, आणि ज्यांच्या हातात निवड आहे त्यांना यातलं काही कळायची गरज नाही. दोघांच्या मध्ये एचआर आहे. म्हणून तुमचं पत्र एचआरला जायला हवं, आणि ते असं लिहायला हवं की त्यातल्या ओळी एचआरला जशाच्या तशा सिक्युरिटीला आणि पर्यवेक्षकाला पाठवता येतील. किती सांगायचं याचं माप मला तरी यातूनच मिळतं. गेटवरच्या माणसाला त्याचं काम करायला जेवढं लागतं तेवढं लिहा. त्याच्या कामाचं नाही ते पत्रात नको.

गेटचं मी इतकं का सांगते, तेही सांगते. एका उमेदवाराने सगळं वेळेवर कळवलं होतं. एचआरने फोनवर "हो हो, काही प्रॉब्लेम नाही" म्हटलं होतं. पण ते फोनवरच राहिलं. सकाळी गेटवर मोबाइल जमा करायचा ट्रे, पितळी टोकन, रजिस्टर. गार्डने पाऊच उघडला, आत इन्सुलिन पेनची सुई आणि बोटाला टोचायची लॅन्सेट दिसली, आणि त्याने साहजिकच बाजूला उभं केलं. एचआरवाल्या मॅडम प्लांटमध्ये राउंडला, फोन उचलत नाहीत. तो मुलगा बराच वेळ उन्हात उभा राहिला आणि परीक्षेला बसला तेव्हा अर्धा जीव गेलेला होता. गार्डची चूक नव्हती, त्याच्या हातात कागद नव्हता. म्हणून "हो" मिळवणं एवढ्यावर थांबू नका. ते "हो" गेटपर्यंत पोचलंय का, हे विचारा.

आता आजाराचं नाव घ्यायचं की नाही. हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि प्रत्येकाचं उत्तर एक नाही. कोणाला आतड्याचा त्रास असेल आणि परीक्षेच्या मध्ये बाहेर जावं लागत असेल, तर "वैद्यकीय कारणामुळे मला मध्ये एक-दोनदा पाच मिनिटं बाहेर जावं लागेल" एवढं पुरतं. तिथे नाव सांगून कोणाचंच काम सोपं होत नाही. मानसिक आजारावर औषधं चालू असतील आणि सकाळी लवकरची वेळ झेपत नसेल, तर "वैद्यकीय कारणामुळे ११ नंतरची वेळ मिळाली तर बरं" एवढंच. तुमच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. एचआरला "टाइप १ मधुमेह" हे शब्द सांगून टाका.

त्याची कारणं अशी. तुम्ही मागताय मोबाइल आणि खाऊ, तेही परीक्षेच्या खोलीत. कारण न देता मोबाइल मागणारा उमेदवार पर्यवेक्षकाला कॉपी करणारा वाटतो, त्यात त्याचाही दोष नाही. शिवाय वस्तूच सगळं सांगतात. इन्सुलिनचं पेन कोणीही ओळखतं, आणि डॉक्टरांचं पत्र मागितलं तर त्यांच्या लेटरहेडवरच डायबेटिस क्लिनिक छापलेलं असतं. जे पाऊच उघडल्यावर दिसणारच आहे ते झाकण्यात हशील नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमची सुरक्षितता. साखर फार खाली गेली आणि तुम्ही नीट बोलू शकला नाहीत, तर त्या इमारतीत किमान एका माणसाला माहीत असायला हवं की याला ग्लुकोज द्यायचं आहे.

"टाइप १" हे मुद्दाम लिहा. नुसतं "शुगर आहे" म्हटलं की समोरच्याला घरातले काका आठवतात, ज्यांना चहात साखर बंद आहे. मग तुम्ही ग्लुकोज पावडर का मागताय हे त्याला उमगत नाही, आणि काही वेळा "अहो, मग तुम्हाला तर गोड चालत नसेल ना" असा काळजीपोटी अडथळा येतो. "साखर कमी झाली तर लगेच ग्लुकोज घ्यावं लागतं" एवढं एक वाक्य त्या पुढे असलं की गोंधळ मिटतो.

बाद करतील का, हा तुमचा मूळ प्रश्न. होणारच नाही असं मी म्हणणार नाही. काही कंपन्यांत एचआर एकटाच सगळं बघतो आणि त्याच्या मनात धाकधूक बसू शकते. पण मी जे पाहिलंय ते असं, की आजाराच्या नावाने माणूस जेवढा बिचकतो त्यापेक्षा जास्त तो लांबलचक पत्राने बिचकतो. चार ओळींत नेमकी सोय मागणारा उमेदवार स्वतःची व्यवस्था नीट ठेवणारा वाटतो. दीड पान लिहिणारा काळजीचा विषय वाटतो.

त्या दीड पानात काय असतं ते मला पाठ झालंय. आजार कितव्या वर्षी कळला, तेव्हा कुठल्या हॉस्पिटलमध्ये किती दिवस होतो, एचबीए१सी किती, मागच्या वर्षी एकदा चक्कर आली होती पण आता तसं होत नाही, घरी आणखी कोणाला आहे, आणि शेवटी "याचा माझ्या कामावर अजिबात परिणाम होणार नाही याची खात्री देतो". हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त घात करतं. कामावर परिणाम होईल का, हा प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नसतो, तो तुम्हीच त्यांच्या मनात घालता. चक्कर आल्याची गोष्टही तशीच. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिता, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मशीनजवळ पडलेला माणूस उभा राहतो. रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शनचे फोटो जोडू नका. ते एकदा मेलने गेले की किती जणांच्या इनबॉक्समध्ये फिरतील यावर तुमचा ताबा राहत नाही.

मेल लिहिण्याआधी दिवसाचं वेळापत्रक मागून घ्या. "परीक्षा कागदावर आहे की संगणकावर, किती वेळाची आहे, आणि जेवणाची सुट्टी साधारण केव्हा, हे कळेल का?" असं कोणीही उमेदवार विचारू शकतो, त्यात आजाराचा उल्लेख लागत नाही. उत्तर आलं की तुम्हाला नेमकं काय मागायचं ते कळतं. नऊला पोचायचं म्हणजे नाशिकरोडहून आठच्या सुमाराला निघणं, म्हणजे नाश्ता आणि सकाळचं इन्सुलिन साडेसातला. परीक्षा साडेनऊला सुरू झाली आणि दीड तासाची असली तर अकरापर्यंत तुम्ही बसून. त्यातच मुलाखतीचा ताण. ताणाने काहींची साखर चढते, काहींची उतरते. तुमचं काय होतं ते तुम्हाला आधीच्या परीक्षांवरून माहीत असेल. अकराच्या आसपास एकदा रीडिंग बघता यायला हवं, ही गरज या हिशेबातून निघते.

आणि जेवण. उमेदवार मोबाइलची काळजी करतात आणि जेवणाचं विचारायचं विसरतात. कारखान्यात कॅन्टीन शिफ्टप्रमाणे चालतं. उमेदवारांना साडेबाराला जेवायला पाठवू म्हणतात, पण कामगारांची पंगत आधी बसते, किंवा टेक्निकलवाले साहेब मोकळे झाले म्हणून जेवायच्या आधीच आत बोलावतात. तुम्ही साडेबारा धरून इन्सुलिन घेऊन बसला असाल आणि तेवढ्यात नाव पुकारलं, तर पाऊण तासाने मुलाखतीच्या ऐन मध्यात साखर खाली जाणार. म्हणून जेवणाची वेळ विचारायची, आणि वेळ कळली तरी ताट समोर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन घ्यायचं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचं.

मोबाइलबाबत आपल्याकडच्या कारखान्यांतला एक रिवाज तुमच्या उपयोगी आहे. बऱ्याच ठिकाणी मोबाइल आत न्यायला हरकत असते ती कॅमेऱ्यामुळे, म्हणून व्हिजिटरच्या मोबाइलच्या लेन्सवर स्टिकर लावून आत सोडतात. परीक्षेत हरकत असते ती इंटरनेटमुळे. या दोन्ही हरकती तुम्हीच आधी सोडवून द्या. कॅमेऱ्यावर स्टिकर, फ्लाइट मोड चालू, फक्त ब्लूटूथ सुरू, आणि मोबाइल तुमच्या खिशात न राहता पर्यवेक्षकाच्या टेबलावर. सेन्सरचं ब्लूटूथ काही मीटरपर्यंतच पोचतं, त्यामुळे मोबाइल त्याच खोलीत हवा. गेटवरच्या ट्रेमध्ये ठेवला तर अलार्म वाजून उपयोग नाही. हे घरी एकदा करून बघा. फ्लाइट मोड लावल्यावर काही फोनमध्ये ब्लूटूथही बंद होतं आणि पुन्हा हाताने चालू करावं लागतं.

आता मेल. कंपन्यांत हे बहुधा इंग्रजीत लिहितात, तुम्हीही लिहा, पण क्रम हाच ठेवा.

विषय: १४ तारखेची मुलाखत, वैद्यकीय साहित्य जवळ ठेवण्याबाबत

नमस्कार मॅडम,

क्वालिटी इंजिनिअर पदाच्या १४ तारखेच्या मुलाखतीला मी सकाळी ९ वाजता हजर राहतो आहे. मला टाइप १ मधुमेह आहे. साखर कमी झाल्यास लगेच ग्लुकोज घ्यावं लागतं. त्यासाठी पुढील सोय व्हावी, ही विनंती.

१. ग्लुकोमीटर, इन्सुलिन पेन, ग्लुकोज पावडर आणि पाण्याची बाटली असा एक पारदर्शक पाऊच दिवसभर माझ्याजवळ असू द्यावा, परीक्षेच्या खोलीतही.

२. सेन्सरचं रीडिंग मोबाइलवर येतं. कॅमेऱ्यावर स्टिकर लावून, फ्लाइट मोडवर, मोबाइल पर्यवेक्षकांच्या टेबलावर ठेवायला माझी हरकत नाही.

३. परीक्षेच्या वेळी साखर कमी झाली तर १५ मिनिटं थांबून उरलेला पेपर सोडवू द्यावा.

४. जेवणाच्या वेळेत बदल झाल्यास थोडं आधी कळवावं.

गेटवर आणि परीक्षेच्या खोलीत याची कल्पना कोणाला असेल ते कृपया कळवा. डॉक्टरांचं पत्र हवं असल्यास पाठवतो.

आपला,
(नाव, मोबाइल नंबर)

यात "माफ करा", "त्रास देतोय", "शक्य झालं तर बघा" असं काही नाही, आणि तरी सूर नम्रच आहे. पहिल्याच ओळीत तुम्ही येताय हे आहे, म्हणजे वाचणाऱ्याला हा अर्ज मागे घेण्याचा मेल वाटत नाही. शेवटच्या परिच्छेदात "गेटवर कोणाला कल्पना असेल" हा प्रश्न आहे, म्हणजे एचआरला कोणाला तरी कळवावंच लागतं. आधी सांगितलेल्या त्या मुलाच्या मेलमध्ये नेमकी हीच ओळ नव्हती.

तिसरा मुद्दा मिळेलच असं नाही. कागदावरची परीक्षा असेल तर पर्यवेक्षक वेळ लिहून ठेवून थांबवू शकतो. संगणकावरची असेल तर घड्याळ बहुतेक वेळा थांबत नाही, ते सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं असतं. तसं उत्तर आलं तर वाद घालू नका. "मग तसं झाल्यास मला पुढच्या बॅचला बसवता येईल का?" असं विचारा. बॅच एकच असेल तर निदान तुम्हाला आधी माहीत झालं, आणि खोलीत शिरण्यापूर्वी साखर किती वर ठेवायची हे डॉक्टरांना विचारून ठरवता येतं.

मेल केव्हा पाठवायचा? अर्ज करताना नको, तेव्हा तुम्हाला बोलावणारच आहेत की नाही हे ठरलेलं नसतं. गेटवर पोचल्यावर तर अजिबात नको. बोलावणं पक्कं झालं की लगेच, निदान तीन कामाचे दिवस हातात राहतील असं. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही, तेव्हा तीन दिवस मोजताना कंपनीची सुट्टी कधी ते बघा. तुमच्याकडे आठवडा आहे, म्हणजे वेळापत्रक आज विचारा आणि हा मेल उद्या जाऊ द्या. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा.

तो फोन साधारण असा होतो. "मॅडम, नमस्कार, १४ तारखेच्या मुलाखतीसाठी मेल केला होता, साहित्याबद्दल." "हो, वाचला. काय, लहानपणापासून आहे का हे? किती सिरियस आहे?" हा प्रश्न बहुतेक वेळा वाईट हेतूने येत नाही, आपल्याकडे चौकशी ही आपुलकीच असते. पण उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. "रोजचं व्यवस्थित चालू आहे मॅडम. त्या दिवसापुरतं पाऊच आणि मोबाइलचं झालं की माझं काम होतं. गेटवर कोणाचं नाव सांगू?" असं म्हणा. पहिलं वाक्य त्यांच्या काळजीला, दुसरं आणि तिसरं पुन्हा कामावर आणायला. फोन संपला की दोन ओळींचा मेल टाका: "फोनवर बोलल्याप्रमाणे पाऊच आणि मोबाइल आत नेता येईल, गेटवर अमुक साहेबांचं नाव सांगायचं, असं ठरलं. धन्यवाद." त्याची छापील प्रत त्याच पारदर्शक पाऊचमध्ये ठेवा. गार्डला मोबाइलवर मेल दाखवण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा, कारण त्या क्षणी मोबाइलच तर वादात असतो.

डॉक्टरांचं पत्र आधीच घेऊन ठेवा, मागितलं तरच द्या. बरेच डॉक्टर सवयीने पूर्ण इतिहास लिहितात, तेव्हा त्यांना स्पष्ट सांगा की दोनच ओळी हव्या आहेत: या व्यक्तीला वैद्यकीय कारणासाठी ग्लुकोज मोजण्याचं उपकरण, इन्सुलिन आणि ग्लुकोज सतत जवळ ठेवणं आवश्यक आहे. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

एचआरने "असं आम्ही कधी केलेलं नाही" म्हटलं तर एक उदाहरण उपयोगी पडतं. इंजिनिअरिंगच्या जेईई परीक्षेत मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळं आणि पारदर्शक बाटलीतून पाणी नेता येतं. सीबीएसईनेही २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेत मधुमेही मुलांना खाण्याच्या काही वस्तू न्यायची मुभा दिली. एवढ्या कडक परीक्षांत हे चालतं, हे ऐकल्यावर बहुतेक एचआर सैलावतात. कलमं सांगण्यापेक्षा हे लवकर पटतं.

कलमांचं म्हणाल तर तुमच्या बाबतीत ती पुढे करू नका, असंच मी सांगेन. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता दिली आहे आणि त्या यादीत टाइप १ मधुमेह नाही. वाजवी सोय द्यायची थेट जबाबदारीही नोकरीच्या प्रकरणात सरकारी आस्थापनांवर घातलेली आहे. खासगी कंपनीला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांच्या भरतीसाठी संपर्क अधिकारी नेमल्याचा उल्लेख असावा लागतो. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे यूडीआयडी कार्ड असेल, कमी ऐकू येणं किंवा हालचालीची अडचण असेल, तर त्यांनी कंपनीच्या वेबसाइटवर ते धोरण शोधावं आणि मेल त्या अधिकाऱ्याला पाठवावा. एचआरच्या सर्वसाधारण पत्त्यापेक्षा तिथे काम लवकर होतं. चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगता असलेल्यांना काहीच मागता येत नाही, हा समजही बरोबर नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात, हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारता येणार नाही असा निकाल दिला. सोय त्या त्या व्यक्तीच्या गरजेवरून ठरते, टक्केवारीवरून नाही, असं त्यात आहे.

आता प्रत्यक्ष दिवस. पर्यवेक्षक आल्यावर स्वतः जवळ जाऊन हळू आवाजात सांगा, "सर, मेलप्रमाणे हा पाऊच आणि हा मोबाइल. अलार्म वाजला तर मी एकदा बघीन." पन्नास जणांसमोर मोठ्याने सांगायची गरज नाही. मोबाइलवर विसंबून राहू नका, बोटाला टोचायचा साधा ग्लुकोमीटर आणि पट्ट्या पाऊचमध्ये असूच द्या. साखर झपाट्याने बदलत असते तेव्हा सेन्सरचा आकडा थोडा मागे असतो, आणि ब्लूटूथ तुटलं तर तुमच्याकडे काहीच उरत नाही.

रीडिंग ७० च्या खाली गेलं, किंवा हात थरथरायला लागले, घाम फुटला, साधी बेरीज दोनदा करावी लागली, तर थांबा. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात ग्लुकोज घ्या, नेहमीचं प्रमाण १५ ग्रॅम असतं, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पावडर घरूनच १५ ग्रॅमच्या पुड्या बांधून न्या, तिथे चमच्याने मोजत बसायला नको. तरुण मुलं नेमकं इथे थांबत नाहीत. टेक्निकल चालू असतं, समोर तीन साहेब, आणि वाटतं की आता पाचच मिनिटं उरली आहेत, ढकलून नेऊ. बाहेरून मात्र असं दिसतं की सुरुवातीला चांगला बोलणारा मुलगा मायक्रोमीटरच्या लीस्ट काउंटवर अडखळला. पॅनेल त्याला तयारीची कमतरता म्हणून लिहून मोकळं होतं, आणि ते नंतर पुसता येत नाही. त्यापेक्षा "सर, मला वैद्यकीय कारणासाठी पंधरा मिनिटं लागतील. तोवर पुढच्या उमेदवाराला घेतलं तर चालेल का?" असं सरळ विचारा. पॅनेलला मधुमेह हा शब्दही सांगायला नको. एक गोष्ट ध्यानात असू द्या, आकडा वर आला तरी डोकं पूर्ण जागेवर यायला त्याहून जास्त वेळ लागतो, कधी अर्धा तास किंवा अधिक. म्हणून पुढच्याला आत जाऊ देणं हे नुसतं पंधरा मिनिटं थांबण्यापेक्षा बरं, त्यात तुम्हाला आपोआप वेळ मिळतो.

कंपनीने नकार दिला तर काय सोडायचं आणि काय नाही, हे घरून ठरवून जा. मोबाइल सोडता येतो, तुमच्याकडे साधा मीटर आहे. थांबलेला वेळ सोडता येतो. ग्लुकोज आणि मीटर अंगाजवळ ठेवणं सोडता येत नाही. "पाऊच गेटवरच राहील, लागलं तर येऊन घ्या" असं म्हणाले तर ते मान्य करू नका, कारण साखर कमी झालेल्या माणसाला अंबडमधल्या प्लांटचं गेट दहा मिनिटं लांब असतं. नम्रपणे सांगा की हे साहित्य खोलीत नसेल तर मला परीक्षेला बसता येणार नाही, आणि हे उत्तर मेलवर मिळेल का. मेलवर लिहायची वेळ आली की पुष्कळदा नकार बदलतो, कारण तो लिहिण्याआधी कोणीतरी वरच्याला विचारतं. नाहीच बदलला तर जाऊ नका.

शेवटचा मुद्दा. कमी सांगणं आणि खोटं सांगणं यांची गल्लत होऊ देऊ नका. आत्ता जे बोललो ते मुलाखतीच्या दिवसापुरतं आहे. निवड झाली की बहुतेक कारखान्यांत रुजू होण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी असते, तिथे फॉर्मवर मधुमेहाचा रकाना असतो. तिथे खरं लिहा, औषधासकट. तो फॉर्म कंपनीच्या डॉक्टरांकडे जातो आणि उंचावरचं काम, क्रेन, फोर्कलिफ्ट अशा कामांना कोण चालेल हे त्यावरून बघतात. क्वालिटीच्या जागेला सहसा यातलं काही नसतं, पण रात्रपाळी असू शकते. ऑफर हातात आल्यावर, सही करण्यापूर्वी, पाळी किती दिवसांनी बदलते आणि रात्रीच्या जेवणाची सुट्टी किती वाजता असते ते विचारा. तेव्हा तुम्ही निवडलेले उमेदवार असता आणि हा प्रश्न कोणीही विचारतो. पण तो १४ तारखेच्या मेलमध्ये घालू नका.